जॅक नसलेल्या फोनवर वायरचे इयरफोन: योग्य अ‍ॅडॉप्टर कसा ओळखायचा आणि आवाज कसा जमवायचा

नवा फोन येतो, त्याला गोल 3.5 मिमीचा जॅक नसतो. यूएसबी-सीचा अ‍ॅडॉप्टर मागवला जातो, घरातले जुने चांगले इयरफोन त्याला लावले जातात, आणि गाणं मात्र फोनच्या स्पीकरमधूनच वाजत राहतं. मग अ‍ॅडॉप्टर खराब निघाला असं समजून तो परत जातो, दुसरा येतो, तोही तसाच गप्प बसतो. अशा वेळी अ‍ॅडॉप्टर बहुधा बिघडलेला नसतो. तो त्या फोनसाठी बनलेलाच नसतो. बाहेरून अगदी सारखे दिसणारे हे अ‍ॅडॉप्टर आतून दोन वेगळ्या जातींचे असतात, आणि वेष्टनावर ते स्पष्ट लिहिलेलं फार कमी वेळा सापडतं. हा फरक एकदा नीट समजला की बाकीची बरीचशी कोडी आपोआप सुटतात, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

आत चिप आहे की नुसत्या तारा?

गाणं फोनमध्ये आकड्यांच्या रूपात साठवलेलं असतं. इयरफोनला आकडे कळत नाहीत, त्याला वर-खाली होणारा विजेचा दाब लागतो. आकड्यांचं विजेच्या दाबात रूपांतर करणाऱ्या चिपला डॅक म्हणतात, आणि तिच्या जोडीला इयरफोनचे पडदे हलवण्याइतकी ताकद देणारा एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर असतो. जॅक असलेल्या फोनमध्ये ही दोन्ही कामं फोनच्या पोटात व्हायची. जॅक गेल्यावर ती कुठे होणार, एवढाच खरा प्रश्न आहे.

पहिल्या जातीचा अ‍ॅडॉप्टर अ‍ॅनालॉग किंवा पॅसिव्ह म्हणून ओळखला जातो. त्यात चिप नसते, नुसत्या तारा असतात. यूएसबी-सीमध्ये सीसी नावाच्या दोन पिना असतात. हा अ‍ॅडॉप्टर त्या दोन्ही पिना ग्राउंडला, म्हणजे विजेच्या परतीच्या वाटेला, जोडून फोनला खूण करतो की इयरफोन आला आहे. फोनला ही खूण समजत असेल, तर तो एरवी डेटा वाहणाऱ्या दोन पिनांवर डावा आणि उजवा आवाज सोडतो, आणि एसबीयू नावाच्या उरलेल्या दोन पिना माइक आणि ग्राउंडसाठी वापरतो. म्हणजे इथे डॅक फोनमधलाच असतो, अ‍ॅडॉप्टर फक्त वाट करून देतो. फोनला ही खूण समजत नसेल तर काहीच होत नाही. चूक झाल्याचा संदेशसुद्धा बहुधा येत नाही, आणि गोंधळ इथूनच सुरू होतो.

दुसऱ्या जातीचा अ‍ॅडॉप्टर डिजिटल किंवा अ‍ॅक्टिव्ह. याच्या त्या इवल्याशा प्लगमध्ये किंवा तारेवरच्या छोट्या डबीत डॅक आणि अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही बसवलेले असतात. फोनच्या दृष्टीने हे एक यूएसबी साउंड कार्ड असतं. फोन त्याला आकडे पाठवतो, रूपांतर अ‍ॅडॉप्टर करतो. फोनमधला डॅक कसाही असो, आवाजाचा दर्जा आता या चिपवर ठरतो.

पायरी पहिली: तुमच्या फोनला काय चालतं ते ठरवा

गुगलचे जॅक नसलेले पिक्सेल, सॅमसंगचे जॅक नसलेले गॅलेक्सी आणि यूएसबी-सी असलेले आयफोन, म्हणजे 2023 च्या आयफोन 15 पासूनचे, यांना डिजिटल अ‍ॅडॉप्टरच लागतो. उलट शाओमीचा मी 6, हुआवेचा पी 20 असे काही फोन अ‍ॅनालॉग अ‍ॅडॉप्टर चालवणारे होते, आणि त्यांच्या खोक्यातून तसाच अ‍ॅडॉप्टर मिळायचा. जुन्या फोनबरोबर आलेला अ‍ॅडॉप्टर नव्या फोनला लावला की अचानक मुका का होतो, त्याचं उत्तर यात आहे.

तुमचा फोन कोणत्या गटातला हे शोधत बसण्यापेक्षा माझा सल्ला सरळ आहे: डिजिटलच घ्या. अगदी थोडे अपवाद सोडले तर तो अँड्रॉइड फोन, आयफोन, टॅबलेट आणि संगणक अशा सगळ्यांवर चालतो. पुढचा फोन बदलला तरी तो वाया जात नाही. अ‍ॅनालॉग अ‍ॅडॉप्टर स्वस्त असला तरी त्याचं चालणं पूर्णपणे समोरच्या फोनच्या मर्जीवर आहे.

विकत घेताना वर्णनात डॅक हा शब्द, 24 बिट किंवा 96 किलोहर्ट्झ असे आकडे, किंवा CX31993, ALC5686, CS43131 असं एखाद्या चिपचं नाव दिसलं तर तो डिजिटल आहे. यातलं काहीच नसेल आणि फक्त ‘यूएसबी-सी ते 3.5 मिमी’ एवढंच लिहिलेलं असेल, तर तो अ‍ॅनालॉग असण्याची दाट शक्यता धरा. इयरफोनला माइक असेल आणि फोनवर बोलायचं असेल, तर माइक चालतो असं वर्णनात लिहिलेलं हवं. काही डॅक फक्त ऐकण्यापुरतेच असतात.

पायरी दुसरी: हातातला अ‍ॅडॉप्टर कोणत्या जातीचा ते तपासा

घरात एखादा अ‍ॅडॉप्टर आधीच पडलेला असेल तर यूएसबी-सी पोर्ट असलेला लॅपटॉप त्याची जात लगेच सांगतो. आधी इयरफोन अ‍ॅडॉप्टरला लावा, मग अ‍ॅडॉप्टर लॅपटॉपला. विंडोजमध्ये Settings, System, Sound अशा क्रमाने जा आणि आउटपुटच्या यादीत नवं नाव आलं का ते पाहा. नाव आलं आणि ते निवडल्यावर आवाजही आला, तर अ‍ॅडॉप्टर डिजिटल आहे आणि धडधाकट आहे. यादीत काहीच बदल झाला नाही, तर तो अ‍ॅनालॉग आहे किंवा मेलेला आहे. अ‍ॅडॉप्टर आणि फोन यांतला दोषी कोण हे ठरवायला याहून सोपी चाचणी नाही, म्हणून परत पाठवण्याआधी ती जरूर करा.

पायरी तिसरी: फोनला जोडताना क्रम पाळा

फोनवरही तोच क्रम ठेवा. आधी इयरफोनचा प्लग अ‍ॅडॉप्टरमध्ये शेवटचा खटका जाणवेपर्यंत आत सारायचा आणि मगच अ‍ॅडॉप्टर फोनला लावायचा. काही अ‍ॅडॉप्टर इयरफोन नसेल तर झोपूनच राहतात, आणि काही जोडणीच्या क्षणालाच प्लगमध्ये माइक आहे की नाही ते तपासतात. क्रम उलटा झाला तर आवाज येतो पण माइक चालत नाही, असे प्रकार होतात.

एवढं करूनही आवाज स्पीकरमधूनच येत असेल तर दोन सेटिंग पाहायच्या. काही कंपन्यांच्या फोनमध्ये यूएसबी उपकरणांना वीज देण्याची सोय मुद्दाम बंद ठेवलेली असते आणि सेटिंगमध्ये OTG connection नावाचा स्विच असतो. तो चालू केल्याशिवाय डिजिटल अ‍ॅडॉप्टरला वीजच मिळत नाही. त्यातल्या काही फोनवर 10 मिनिटं वापर झाला नाही की हा स्विच स्वतःहून बंद होतो, त्यामुळे सकाळी चालणारा अ‍ॅडॉप्टर दुपारी मेल्यासारखा वाटतो. दुसरी जागा म्हणजे डेव्हलपर ऑप्शन्स, सेटिंगमधला एरवी लपवलेला विभाग. तिथे Disable USB audio routing अशी ओळ असते. ती चालू असेल तर फोन यूएसबीकडे आवाज वळवतच नाही. ती बंद असायला हवी. डेव्हलपर ऑप्शन्स तुम्ही कधी उघडलेच नसतील, तर ही ओळ बंदच असणार. तिकडे जायची गरज नाही.

आवाज पुरेसा मोठा होईल का?

अ‍ॅडॉप्टरच्या जाहिरातीत बिट आणि किलोहर्ट्झचे आकडे मोठ्या अक्षरात असतात, पण प्रत्यक्ष ऐकताना आधी जाणवतो तो आवाजाचा मोठेपणा. त्याचा अंदाज साध्या हिशोबाने बांधता येतो. अ‍ॅपलच्या यूएसबी-सी अ‍ॅडॉप्टरचं उदाहरण घेऊ, कारण त्याची मोजमापं सहज सापडतात. तो जास्तीत जास्त सुमारे 1 व्होल्ट देतो. युरोपात विकला जाणारा त्याचाच जुळा भाऊ अर्धा व्होल्टच देतो.

तुमच्या इयरफोनच्या खोक्यावर 32 ओहम आणि 1 मिलिवॅटला 100 डेसिबल असं लिहिलं आहे असं समजा. वीज किती पोहोचते ते काढायला व्होल्टचा वर्ग करून त्याला ओहमने भागायचं. 1 भागिले 32 म्हणजे सुमारे 31 मिलिवॅट. वीज दहापट झाली की आवाज 10 डेसिबलने वाढतो, त्यामुळे 31 मिलिवॅटला साधारण 15 डेसिबल वाढतात आणि कमाल आवाज 115 डेसिबलच्या आसपास जातो. अर्ध्या व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर हाच आकडा 109 होतो, कारण व्होल्ट निम्मे झाले की 6 डेसिबल कमी होतात. जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला 40 तास ऐकण्यासाठी 80 डेसिबल ही मर्यादा सुचवली आहे. म्हणजे साध्या इयरफोनसाठी अर्धा व्होल्टसुद्धा कानाला सोसेल त्याहून जास्त आहे.

हाच हिशोब 300 ओहमच्या मोठ्या हेडफोनला लावला तर 1 व्होल्टला जेमतेम 3.3 मिलिवॅट मिळतात. त्याची संवेदनशीलता तितकीच, म्हणजे 1 मिलिवॅटला 100 डेसिबल, असली तरी कमाल आवाज 105 वर थांबतो. हा आकडा गाण्यातल्या सर्वात मोठ्या ठोक्याचा आहे. हळुवार रेकॉर्डिंगमध्ये सरासरी आवाज त्याच्या बराच खाली असतो, आणि मग व्हॉल्यूम शेवटपर्यंत नेऊनही काहीतरी कमी पडल्यासारखं वाटतं. अशा हेडफोनसाठी 2 व्होल्ट देणारा डॅक शोधावा. कानात घालायच्या इयरफोनला मात्र इतक्या ताकदीची गरज नसते. उलट तिथे नुकसानच होतं, कारण व्हॉल्यूमच्या पहिल्या दोन पायऱ्यांतच आवाज कानठळ्या बसवण्याइतका होतो आणि मधला हवा तो आवाज सापडतच नाही.

आता एक वेगळाच प्रकार. ताकद पुरेशी असलेला अ‍ॅडॉप्टर लॅपटॉपवर खणखणीत वाजतो आणि अँड्रॉइड फोनवर मात्र पुटपुटतो. कारण असं की डिजिटल अ‍ॅडॉप्टरच्या आत त्याची स्वतःची व्हॉल्यूमची चावी असते. संगणक ती चावी फिरवतो. बरेच अँड्रॉइड फोन तिला हातच लावत नाहीत, ते फक्त पाठवायचे आकडे लहान-मोठे करतात. अ‍ॅडॉप्टरची चावी जोडणीच्या वेळी खालच्या पायरीवर असेल, तर फोनचा व्हॉल्यूम पूर्ण केला तरी ती तिथेच अडकून राहते. अ‍ॅपलचा अ‍ॅडॉप्टर अँड्रॉइडवर लावणाऱ्या अनेकांना हा अनुभव येतो. USB Audio Player PRO सारखी ॲप यूएसबी उपकरणाशी थेट बोलतात आणि ही चावी वर नेऊ शकतात, पण त्याचा फायदा बहुतेक वेळा त्या ॲपमधल्या गाण्यांपुरताच राहतो. व्हिडिओ आणि इतर ॲप पुन्हा हळूच वाजतात. त्यापेक्षा अँड्रॉइडसाठी दुसरा अ‍ॅडॉप्टर निवडणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

आवाजाचा दर्जा: कशाने फरक पडतो आणि कशाने नाही

सीडीचा आवाज 16 बिट आणि 44.1 किलोहर्ट्झ असतो. 16 बिटमध्ये सर्वात हळू आणि सर्वात मोठ्या आवाजातलं अंतर सुमारे 96 डेसिबल मावतं. शांत खोलीतसुद्धा थोडी कुजबुज असतेच, त्यामुळे एवढं अंतर ऐकायला पुरेसं आहे. अ‍ॅडॉप्टर 32 बिट आणि 384 किलोहर्ट्झ चालवतो म्हणून तो 24 बिटवाल्यापेक्षा गोड वाजेल असं मानून जास्त पैसे मोजू नका.

ऐकू येणारा फरक पडतो तो दुसऱ्याच दोन गोष्टींनी. एक म्हणजे पार्श्वभूमीची सळसळ. फार संवेदनशील इयरफोन असेल तर स्वस्त अ‍ॅम्प्लिफायरची स्वतःची सळसळ कानात येते. ती पकडायची युक्ती अशी: अगदी हळू सुरू होणारं गाणं लावा, व्हॉल्यूम जवळजवळ शून्यावर आणा आणि शांत खोलीत ऐका. संगीत ऐकू येईनासं झालं तरी सळसळ तशीच राहत असेल, तर ती अ‍ॅडॉप्टरची आहे. गाणं थांबवून हे तपासू नका, कारण बरेच अ‍ॅडॉप्टर गाणं थांबलं की काही सेकंदांत अ‍ॅम्प्लिफायर बंद करतात आणि सगळं खोटंच शांत वाटतं.

दुसरी गोष्ट म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरचा आतला अडथळा, ज्याला आउटपुट इम्पीडन्स म्हणतात. एकाच पडद्याच्या साध्या इयरफोनला त्याने सहसा फारसा फरक पडत नाही. पण एका कानात आवाज काढणारे तीन-चार बारीक ड्रायव्हर बसवलेल्या इयरफोनचा स्वतःचा अडथळा प्रत्येक सुराला बदलत असतो. तिथे अ‍ॅम्प्लिफायरचा अडथळा जास्त असला की काही सूर फुगतात, काही दबतात, आणि तोच इयरफोन दोन अ‍ॅडॉप्टरवर दोन वेगळ्या सुरात बोलतो. इयरफोनच्या ओहमच्या एक अष्टमांशापेक्षा हा आकडा कमी असावा असा प्रघात आहे: 16 ओहमच्या इयरफोनला 2 ओहम किंवा त्याहून कमी.

दोन अ‍ॅडॉप्टरची तुलना करायची असेल तर आधी दोघांचा आवाज जुळवून घ्या. किंचित मोठा वाजणारा नेहमीच जास्त स्वच्छ आणि भरीव वाटतो. हे न जुळवता केलेली तुलना मला पटत नाही, मग ती कितीही रंगवून सांगितलेली असो.

अँड्रॉइडबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. सगळ्या ॲपचे आवाज एकत्र मिसळता यावेत म्हणून तो बहुधा सगळं 48 किलोहर्ट्झवर आणतो, त्यामुळे सीडीच्या दर्जाचं गाणंही वाटेत बदललं जातं. अँड्रॉइड 14 पासून यूएसबीवर गाणं जसंच्या तसं पाठवण्याची सोय आली आहे, पण फोन आणि ॲप दोघांनीही ती वापरायला हवी. ब्लूटूथशी तुलना केली तर चित्र आणखी स्पष्ट होतं. सीडीचा प्रवाह सेकंदाला 1411 किलोबिटचा, तर ब्लूटूथचं मूळ एसबीसी कोडेक, म्हणजे आवाज दाबून पाठवण्याची पद्धत, सहसा 328 किलोबिटच्या पुढे जात नाही. पण मला वायरचा त्याहून मोठा फायदा वाटतो तो उशीर न होण्याचा. गेम खेळताना किंवा रेकॉर्डिंग करताना बोट आणि आवाज बरोबर चालतात.

गायकाचा आवाजच नाहीसा होतो तेव्हा

एक प्रसंग हमखास घडतो. माझ्या मावसबहिणीने विचारलं, “अरे, वाद्यं सगळी ऐकू येतायत, पण गायक विहिरीत बसून गातोय असं वाटतंय. अ‍ॅडॉप्टर गेला का रे?” अ‍ॅडॉप्टर गेलेला नव्हता. माइक असलेल्या इयरफोनच्या प्लगवर चार पट्टे असतात: टोकाला डावा कान, मग उजवा, मग ग्राउंड आणि शेवटी माइक. ग्राउंडचा संपर्क तुटला की डाव्या-उजव्याचा परतीचा रस्ता बंद होतो, आणि कानात दोघांमधला फक्त फरक उरतो. गायकाचा आवाज दोन्ही बाजूंना सारखाच असतो, म्हणून तो फरकात उरतच नाही. बाजूबाजूला पसरलेली वाद्यं तेवढी राहतात.

याची कारणं दोन. प्लग पूर्ण आत गेलेला नसतो, बहुधा फोनचं जाड कव्हर किंवा प्लगच्या मुळाशी असलेली फुगीर पट्टी आड येते. किंवा इयरफोन जुन्या पद्धतीचा असतो, ज्यात माइक आणि ग्राउंडच्या जागा उलट आहेत. माइकचं बटण दाबून धरल्यावर गायक परत आला तर दुसरं कारण समजा. त्यासाठी जागा उलटवणारा छोटा जोड मिळतो. मावसबहिणीच्या बाबतीत प्लग अर्ध्या मिलिमीटरने बाहेर राहत होता. जोरात दाबला आणि गायक विहिरीबाहेर आला.

खरखर येत असेल किंवा आवाज मध्येच तुटत असेल तर यूएसबी-सी प्लग उलटा करून लावा. उलटा केला की तो फोनच्या खाचेतल्या दुसऱ्या रांगेतल्या पिना वापरतो. उलट लावल्यावर खरखर गेली, तर दोष खाचेतल्या कचऱ्याचा आहे. फोन बंद करून लाकडी काडीने हलक्या हाताने कचऱ्याचा गठ्ठा बाहेर काढा, धातूची पिन घालू नका. दोन्ही बाजूंनी सारखीच खरखर असेल तर अ‍ॅडॉप्टरची तार किंवा इयरफोन तपासा. आणि मोबाइल डेटा चालू असतानाच गुणगुण येते असं वाटलं तर एअरप्लेन मोड लावून पाहा. ती थांबली तर फोनच्या रेडिओ लहरी अ‍ॅडॉप्टरच्या तारेत शिरत आहेत. असा अ‍ॅडॉप्टर बदललेलाच बरा.

चार्जिंग आणि प्लगमध्येच डॅक असलेले इयरफोन

एकाच खाचेतून ऐकायचं आणि चार्जही करायचं असेल तर दोन तोंडांचा जोड लागतो. त्यातही डिजिटल डॅक आतच असलेला आणि पीडी, म्हणजे पॉवर डिलिव्हरी, ही जलद चार्जिंगची पद्धत चालवणारा घ्या. नुसत्या तारांचा दुतोंडी जोड बऱ्याच फोनवर चार्ज करतो पण आवाज देत नाही, किंवा उलट. अ‍ॅनालॉग प्रकारात तर प्रमाणपद्धतीनेच चार्जिंग 500 मिलिअँपियरवर अडवलेलं आहे, त्यामुळे फोन तासन् तास लावून ठेवावा लागतो. ऐकून झालं की डिजिटल अ‍ॅडॉप्टर फोनमधून काढून ठेवा. काही चिप गाणं नसतानाही थोडी वीज खात राहतात आणि फोन पूर्ण झोपत नाही.

यूएसबी-सी प्लगच्या आतच डॅक बसवलेले इयरफोनही मिळतात. सोय उत्तम, वेगळा अ‍ॅडॉप्टर हरवायची भीती नाही. पण फोनच्या तोंडाशी सर्वात जास्त वाकणारी तारच लवकर तुटते, आणि इथे तार तुटली की डॅकही जातो आणि इयरफोनही. म्हणून असे इयरफोन घेताना तार काढता येणारे पाहा, दोन पिनांच्या किंवा एमएमसीएक्स नावाच्या छोट्या गोल जोडाचे. त्यांना डॅक असलेली यूएसबी-सी तार वेगळी मिळते. ती गेली तर तेवढीच बदलायची, आणि 3.5 मिमीची तार लावली की तोच इयरफोन जॅक असलेल्या कुठल्याही उपकरणावर चालतो.